उठावाची आकृती बोटांना कळावी म्हणून

प्रश्न : माझ्या सहावीच्या वर्गात जन्मतः पूर्ण अंध असलेली एक विद्यार्थिनी आहे. ब्रेल ती सफाईने वाचते. पुस्तकातल्या आकृत्या मी जाड कागदावर काढून त्यांच्या रेषांवर फेव्हिकॉल आणि बारीक वाळू लावून दिल्या. तिला रेषा लागतात, पण चौरस कोणता आणि आयत कोणता हे सांगता येत नाही. घनाच्या आकृतीला तर ती ‘जाळं’ म्हणते. स्तंभालेखात पाच स्तंभ असताना ती नऊ मोजते. माझे कुठे चुकते आहे? महागडी साधने आमच्या शाळेला परवडणार नाहीत.
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर :

सप्रेम नमस्कार,

तुमच्या विद्यार्थिनीने नऊ मोजले ते अगदी बरोबर मोजले, आणि तुमच्या तिन्ही अडचणींचे मूळ त्या नवातच आहे. पुस्तकात जसे स्तंभ असतात तसे तुम्ही त्यांच्या नुसत्या कडा वाळूने उठवल्या असणार आणि दोन स्तंभांमधली जागाही स्तंभाएवढीच रुंद ठेवली असणार. डोळ्याला बंदिस्त चौकट एका नजरेत दिसते आणि कडेच्या आतले काय नि बाहेरचे काय हे आपसूक कळते. बोट मात्र कागदावर डावीकडून उजवीकडे सरकते तेव्हा त्याला रेषा, मोकळी जागा, रेषा, मोकळी जागा एवढेच मिळत जाते. अशा मोकळ्या पट्ट्या पाच स्तंभांच्या पाच आणि मधल्या जागांच्या चार, म्हणजे नऊच होतात. स्तंभ आतून भरलेला असेल, म्हणजे त्याचा सगळा पृष्ठभाग कागदाच्या वर आलेला असेल आणि मधली जागा गुळगुळीत असेल, तरच बोटाला ‘इथे काहीतरी आहे’ आणि ‘इथे काही नाही’ हा भेद कळतो.

स्पर्शाने वाचताना आकृती तुकड्यातुकड्याने हाती येते आणि ते तुकडे मनात जोडावे लागतात. त्यामुळे कागदावरची प्रत्येक जादा रेषा वाचणाऱ्याच्या स्मरणावर ओझे टाकते. शिवाय बोटाच्या टोकाची सूक्ष्मताही मर्यादित असते. ब्रेलच्या एका चौकटीतले दोन ठिपके साधारण अडीच मिलिमीटर अंतरावर असतात, आणि त्याहून जवळ आलेल्या खुणा बहुतेकांच्या बोटांना एकमेकींत मिसळलेल्या लागतात. म्हणून स्पर्शाकृतीत दोन रेषांमध्ये किमान तीन मिलिमीटर मोकळे अंतर ठेवतात. वाळू आणि फेव्हिकॉल यांची रेषा मुळातच तीन-चार मिलिमीटर पसरते, आणि कोपऱ्यात दोन रेषा भेटतात तिथे गोंद साचून कोपरा गोल होतो. तुमच्या चौरसाला बोटांच्या लेखी कोपरेच उरलेले नसतील, तर त्याला चार काटकोन आहेत हे तिने कशावरून ओळखावे?

घनाच्या आकृतीबाबत मी स्पष्टच सांगतो: ती देऊच नका. कागदावर काढलेला घन हा एका ठरावीक जागेवरून पाहणाऱ्या डोळ्याचा संकेत आहे. मागची बाजू तिरकी सरकलेली दिसते आणि चौरसाचा समांतरभुज चौकोन होतो, हे ज्याने कधी पाहिलेले नाही त्याला त्या बारा रेषा म्हणजे खरोखरच जाळे आहे. रेषा कितीही सुबक उठवल्या तरी त्यात फरक पडत नाही. घन हातात द्यावा. लाकडी ठोकळा असेल तर उत्तमच. पण चहाच्या किंवा औषधाच्या रिकाम्या खोक्याची इष्टिकाचिती त्याहून जास्त शिकवते, कारण ती उलगडता येते. खोके बंद असताना तिला पृष्ठे, कडा आणि शिरोबिंदू मोजू द्यावेत. मोजायला सुरुवात केली त्या कोपऱ्यावर टिकलीचा तुकडा चिकटवावा, नाहीतर फिरवताना तेच पृष्ठ दोनदा मोजले जाते. मग जोड सोडवून, चिकटवायच्या पट्ट्या कापून ते टेबलावर सपाट पसरावे. सहा आयत कोणत्या कडांनी एकमेकांना जोडलेले आहेत हे तिने घडीवर बोट फिरवून पाहावे आणि खोके पुन्हा स्वतः उभे करावे. वृत्तचितीसाठी पुठ्ठ्याच्या नळीला उभा छेद द्यावा, म्हणजे वक्र पृष्ठ उलगडून आयत होतो हे तिच्या हातातच घडते. परीक्षेतल्या ‘आकृतीचे निरीक्षण करा’ या प्रश्नालाही ठोकळा किंवा उलगडलेली घडण देणे हाच न्याय्य पर्याय आहे.

सपाट आकारांसाठी रेषांपासून सुरुवात करू नये. आधी कापलेले आकार, मग कडेची रेषा, असा क्रम ठेवावा. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा फोम शीट किंवा वहीच्या पाठीचा पुठ्ठा दुहेरी चिकटवून त्यातून आकार कापावेत. कापताना कात्रीऐवजी कटर आणि स्टीलची पट्टी वापरावी, म्हणजे कोपरे टोकदार राहतात. आकार सहा ते दहा सेंटिमीटरचा असावा. तो हाताच्या पंजात मावावा, पण बोटाखाली झाकला जाऊ नये. पहिल्या जोडीत चौरस सहा बाय सहा घेतला तर आयत सहा बाय दहा घ्यावा. सहा बाय सातचा आयत चौरसाच्या शेजारी ठेवणे म्हणजे सुरुवातीलाच तिला पेचात टाकणे आहे. आकार कागदावर चिकटवून पक्का करावा, कारण मोकळा तुकडा चाचपताना फिरतो आणि कोणती बाजू मोजून झाली ते हरवते. कागदाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापला की कागद सरळ आहे की उलटा, हे तिचे तिला कळते. ही सवय सगळ्या कागदांना लावावी.

चौरस आणि आयत यांतला फरक हाताच्या अंदाजावर सोडू नये. गणितात तो बाजूंच्या लांबीवर ठरतो आणि तसाच तो तिने तपासावा. कागदाची अरुंद पट्टी एका बाजूला लावायची, कोपरा येतो तिथे घडी घालायची आणि तीच पट्टी वळवून लगतच्या बाजूला लावायची. घडी कोपऱ्यावर आली तर बाजू समान आहेत, बोटाला घडीच्या पुढे आकार लागला किंवा घडी कोपऱ्याच्या बाहेर गेली तर नाहीत. काटकोन तपासायला पोस्टकार्डाचा कोपरा पुरतो. समांतर बाजूंसाठी समोरासमोरच्या दोन बाजूंना झाडूच्या लांब काड्या लावाव्यात, त्या आकाराच्या बाहेर लांब जाऊ द्याव्यात आणि दोन्ही हातांची बोटे काड्यांवरून पुढे न्यावीत: हात जवळ येत किंवा लांब जात गेले तर रेषा समांतर नाहीत. नंतर तोच चौरस कोपऱ्यावर उभा करून चिकटवलेला दुसरा कागद द्यावा आणि पट्टीने पुन्हा तपासायला सांगावे. एकाच स्थितीत आकार दिला तर ‘आडवी बाजू खाली असते तो चौरस’ अशी चुकीची व्याख्या मनात बसते. डोळस मुलांचीही ती बसते, पण इथे ती मोडायला जास्त वेळ लागतो.

हे झाल्यावर कडेच्या रेषेकडे यावे. शिंपी कापडावर खुणा करायला वापरतात ते दातेरी चाक, म्हणजे ट्रेसिंग व्हील, कुठल्याही शिवणसाहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळते. ब्रेलचा जाड कागद रबरी मॅटवर किंवा वर्तमानपत्राच्या जाड घडीवर ठेवून चाक मागच्या बाजूने फिरवले की पुढच्या बाजूला ठिपक्यांची स्वच्छ, बारीक रेषा उठते आणि कोपरा टोकदार राहतो. यात एक ठरलेली फसगत आहे. मागून काढलेली आकृती पुढून आरशातल्यासारखी उलटी येते. चौरसात ते लपते, पण विषमभुज त्रिकोणात शिरोबिंदूंची नावे उलटसुलट होतात आणि मुलीचे उत्तर बरोबर असून चूक ठरते. त्यासाठी कागदाखाली कार्बन पेपर शाईची बाजू वर करून ठेवावा आणि आकृती पुढच्या बाजूने पेन्सिलीने काढावी. तिची उलटी छाप मागे आपोआप उमटते. चाक तिच्यावरून फिरवायचे. शिरोबिंदूंची अक्षरे आकृतीच्या बाहेर, रेषेपासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर असावीत. रेषेला चिकटलेले ब्रेल अक्षर रेषेच्या ठिपक्यांत मिसळून भलतेच वाचले जाते. आत कर्ण दाखवायचा असेल तर तो वेगळ्या जातीचा हवा, म्हणजे कडा चाकाच्या ठिपक्यांची असेल तर कर्णाला बारीक दोरा चिकटवावा. एका आकृतीत रेषांच्या दोनच जाती असाव्यात, फार तर तीन.

आकार बदलून पाहायला खिळ्यांची पाटी उपयोगी पडते: फळीवर दोन-दोन सेंटिमीटरवर ओळीने खिळे ठोकायचे आणि रबर बँड अडकवून आकृत्या करायच्या. ही कल्पना जुनी आहे. बालपणीच देवीच्या रोगाने दृष्टी गेलेले निकोलस साँडरसन 1711 मध्ये केंब्रिज विद्यापीठात गणिताचे लुकाशियन प्राध्यापक झाले. ते टाचण्या खोवलेल्या पाटीवर आकडेमोड करत आणि टाचण्यांभोवती दोरा गुंडाळून भूमितीच्या आकृत्याही बनवत. या पाटीवर वर्तुळ मात्र होत नाही आणि तिरक्या बाजूंची लांबी खिळे मोजून काढता येत नाही, हे ध्यानात असावे.

वाचण्याइतकेच काढणेही तिच्या वाट्याला यावे. लाकडी फळीवर डासांची जाळी ताणून बसवावी, तिच्यावर साधा कागद ठेवावा आणि मेणाच्या खडूने दाबून रेघ ओढावी. मेण जाळीच्या ठशाप्रमाणे दाणेदार बसते आणि रेघ त्याच बाजूने लगेच हाताला लागते, उलटापालटीचा प्रश्नच येत नाही. रेघ फार उठावदार नसते, पण स्वतः काढलेला त्रिकोण बंद झाला की उघडा राहिला हे कळायला ती पुरेशी आहे.

आता स्तंभालेख. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. शाळेच्या वाचनालयातून सोमवार ते शुक्रवार अनुक्रमे 20, 40, 30, 45 आणि 10 पुस्तके नेली गेली असे समजू. प्रमाण एक सेंटिमीटरला पाच पुस्तके घेतले की स्तंभांची उंची 4, 8, 6, 9 आणि 2 सेंटिमीटर येते. स्तंभ दीड सेंटिमीटर रुंद, मधली जागा एक सेंटिमीटर. रुंदी आणि जागा वेगवेगळी ठेवल्याने स्तंभ आणि फट यांची गल्लत आणखी कमी होते. आडव्या अक्षाखाली ‘सोमवार’ लिहिणे शक्य नाही, कारण ब्रेलची एक चौकट सुमारे सहा मिलिमीटर जागा घेते. पण ‘सो’, ‘मं’, ‘बु’, ‘गु’, ‘शु’ ही प्रत्येकी दोन चौकटींची अक्षरे दीड सेंटिमीटरच्या स्तंभाखाली नेमकी बसतात; त्यांचा खुलासा कागदाच्या वरच्या भागात द्यावा. उभ्या अक्षावर दर सेंटिमीटरला संख्या लिहू नये, कारण ब्रेलच्या दोन ओळींतले अंतरच जवळजवळ एक सेंटिमीटर असते आणि आकड्यांची दाटी होते. 0, 10, 20 असे 50 पर्यंत, दर दोन सेंटिमीटरला लिहिणे पुरेसे आहे.

बनवताना ब्रेल आधी टोचावे आणि चिकटवण्याचे काम नंतर करावे, कारण स्तंभ चिकटवलेल्या कागदावर ब्रेलची पाटी बसत नाही. दोन्ही अक्षांना जाड सुती दोरा लावावा. दर दहाच्या आडव्या रेषा चाकाने काढाव्यात, पण चाक पुढच्या बाजूने फिरवावे, म्हणजे त्या खोलगट आणि मंद राहतात. सर्वात ठळक स्तंभ, त्याखालोखाल अक्ष आणि सर्वात फिक्या आडव्या रेषा ही उतरंड मोडली की आलेखाचे पुन्हा जाळे होते. स्तंभ पुठ्ठ्याचे कापून चिकटवावेत. सँडपेपर वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पण तो खरखरीत असेल तर थोड्याच वेळात बोटे हुळहुळतात आणि मग त्याच बोटांनी ब्रेल वाचणे नकोसे होते.

एक अडचण आलेख हातात घेतल्याखेरीज ध्यानात येत नाही. शुक्रवारचा स्तंभ दोन सेंटिमीटरचा आहे. त्याच्या माथ्यावरून आडव्या रेषेने डावीकडे उभ्या अक्षाकडे निघालेले बोट वाटेतल्या गुरुवारच्या उंच स्तंभावर आपटते आणि रेषा तिथे संपते. त्यासाठी प्रत्येक स्तंभावर, आडवी रेषा जिथून गेली असती त्या उंचीवर, रिकामे बॉलपेन जोरात दाबून खाच पाडावी. मग बोट खाचेतून स्तंभ ओलांडते आणि पुढे रेषेला लागते. स्तंभाच्या डोक्यावर ब्रेलमध्ये संख्या लिहून देणे हा सोपा उपाय अनेकदा सुचवला जातो, पण मला तो पसंत नाही, कारण मग ती आलेख वाचत नाही, नुसते आकडे वाचते.

वाचायची रीतही शिकवावी लागते. आधी दोन्ही हात पूर्ण कागदावरून फिरवून शीर्षक, अक्ष आणि स्तंभांची संख्या पाहायची. मग डावी तर्जनी उभ्या अक्षावर ठेवायची, उजवी तर्जनी स्तंभाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत न्यायची आणि तिथून डावीकडे आणायची. गुरुवारच्या माथ्यावरून निघालेल्या बोटाला रेषा सापडणार नाही. खाली 40 ची रेषा लागेल आणि वर तेवढ्याच अंतरावर 50 ची, म्हणून उत्तर 45. पहिल्या आलेखात अशी मधली संख्या एकच असावी. दाखवताना तिचा हात धरून फिरवू नका. तुमचा हात खाली आणि तिचा वर असू द्या, म्हणजे हात कुठे वळतो ते तिला कळते आणि हवा तेव्हा काढूनही घेता येतो.

कागद नीट झाला की नाही हे आपण डोळे मिटून तपासले तर त्याचा उपयोग नाही, कारण आकृती आपल्या मनात आधीच असते. ब्रेल वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी तो न सांगता द्यावा. तसे कोणी जवळ नसेल तर गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे चौकशी करावी. मुलीच्या चुकाही कागदाचे दोष दाखवतात. तिची सगळी उत्तरे सारख्याच फरकाने जास्त येत असतील तर ती उंची आडव्या अक्षाऐवजी कागदाच्या कडेपासून धरते आहे, म्हणून अक्षाचा दोरा आणखी ठळक करावा. उंची बरोबर पण वार चुकत असेल तर खालची अक्षरे स्तंभाच्या मध्याखाली नाहीत. ती एकाच जागी पुन्हा पुन्हा थांबत असेल तर तिथे बहुधा गोंदाचा थेंब वाळून बसलेला असतो.

खर्चाबद्दल सांगायचे तर उष्णतेने रेषा फुगवणारा कागद किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यावर ठसा घेणारे यंत्र यांचा फायदा मुख्यतः प्रती काढण्यात आहे. एका मुलीसाठी ते घेण्याची गरज नाही. यंत्रावरच्या कागदातही रेषांची दाटी असेल तर तो तुमच्या वाळूच्या कागदासारखाच निकामी ठरतो. उठावाच्या रेषांवर काळ्या शाईनेही गिरवून ठेवावे, म्हणजे शेजारी बसलेली मैत्रीण आणि अंशतः दिसणारी मुले तोच कागद वापरू शकतात.

पुढच्या वर्षी सातवीत जोडस्तंभालेख येईल. तेव्हा जोडीतले दोन स्तंभ एकमेकांना खेटून आणि दोन जोड्यांमध्ये दीड सेंटिमीटर जागा ठेवावी. एक स्तंभ गुळगुळीत पुठ्ठ्याचा आणि दुसरा कापडाचा किंवा नालीदार पुठ्ठ्याचा घ्यावा, आणि कोणता पोत कशाचा हे सांगणारे दोन्हींचे छोटे तुकडे ब्रेल नावांसह कागदाच्या वरच्या भागात, आलेख सुरू होण्यापूर्वी तिच्या हाताला लागतील असे चिकटवावेत. एका कागदावर चारहून जास्त जोड्या घेऊ नयेत. माहिती जास्त असेल तर ती दोन कागदांवर विभागावी आणि दोन्हींवर उभ्या अक्षाचे प्रमाण एकच ठेवावे.